पाच पाऊण पावणेचार

नमस्कार मंडळी! माइकचा आवाज मागच्या सीटपर्यंत पोचतोय ना? केरळहून आलेल्या कुटुंबासाठी प्रत्येक गोष्ट मी हिंदीत पुन्हा सांगणार आहे, तेव्हा बाकीच्यांनी तेवढा धीर धरा.

तीन हात नाक्यावर दोघांनी मला विचारलं, "पक्षी बघायला भर दुपारी एक वाजता कोण निघतं? पहाटे का नाही?" बरोबर आहे प्रश्न. पण आजची वेळ मी ठरवलेली नाही, खाडीने ठरवली आहे.

पुढच्या सीटवरच्या आजींना पाऊणकी पाठ असेल. आजी, पाच पाऊण किती? ...पावणेचार! आज पंचमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. म्हणजे आज पावणेचारच्या सुमारास पाणी पुरतं चढेल. खाडीत आत यायला त्याला थोडा वेळ जास्त लागतो, आणि हिशेब ढोबळच आहे, म्हणून होडीची नक्की वेळ ऐरोलीच्या केंद्राकडूनच घेतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे मागच्या आठवड्यात कुणी मित्र सकाळी जाऊन आला असेल, तर त्याची वेळ आज उपयोगाची नाही.

आता खरी गंमत. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, चोच उलटी बुडवून चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. त्या खाण्यातूनच त्यांना गुलाबी रंग येतो; करडे दिसले तर ती पिल्लं समजा. चिखल उघडा असला की ते खाडीत असतात, पण तेव्हा होडी रुतते. पाणी पूर्ण चढलं की होडी मजेत चालते, पण चिखल बुडतो आणि थवे उठून नेरुळकडच्या तळ्यांवर जाऊन बसतात. आपल्याला हवा तो मधला वेळ, पाणी चढत असतानाचा. तो तासाभराचाच. म्हणून मुलुंडला वडापावसाठी बस थांबणार नाही. काका, रागावू नका, येताना नक्की थांबू.

होडीत लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा. थवा दिसला की सगळे एका बाजूला धावतात आणि होडी कलते, तेव्हा बसूनच बघा. ओरडू नका, टाळ्या तर नकोच. एक उठला की अख्खा थवा उठतो, आणि मग मागच्या होडीवाल्यांना रिकामी खाडी दिसते.

थोड्या वेळात ऐरोलीचा पूल लागेल. खिडकीवरून भांडणं आत्ताच मिटवतो. जाताना अभयारण्य उजवीकडे दिसेल, तेव्हा पाणी चढत असेल. परतताना तेच डावीकडे, आणि ओहोटी लागून चिखल वर येत असेल. डावीकडच्यांनी जागा सोडू नये.