रिकाम्या जागेतली चौथाई

(सांगलीत इतिहासाच्या शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आज ‘रिकामी जागा भरा’चा एकच प्रश्न घेऊन बसू. 1719 साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून शाहू महाराजांसाठी सनदा घेऊन साताऱ्याला परतले. त्यावर आपण सहज लिहून टाकतो: ‘1719 मध्ये शाहू महाराजांना ____ची सनद मिळाली.’ आपल्या मनात उत्तर असतं ‘चौथाई’. पण सनदा तीन होत्या: स्वराज्याची, चौथाईची आणि सरदेशमुखीची. ‘सरदेशमुखी’ लिहिणाऱ्या पोराचा गुण कापायचा कोणत्या आधारावर? शिवाय तो ‘ची’. जागेला चिकटलेल्या प्रत्ययामुळे ‘स्वराज्या’ असं सामान्यरूप लिहावं लागतं, म्हणजे मुलाची परीक्षा व्याकरणाची होते.

मग आपण सुधारायला जातो: ‘महसुलाचा चौथा हिस्सा म्हणजे ____.’ आता उत्तर एकच आहे खरं, पण ते प्रश्नातच लिहिलेलं आहे. चौथा म्हणजे चौथाई, हे इतिहासाचं पुस्तक न उघडलेल्यालाही कळतं. गंमत अशी की हीच युक्ती सरदेशमुखीला चालते. ‘दहावा हिस्सा’ म्हटल्यानं ‘सरदेशमुखी’ हा शब्द कानावर येत नाही, तो माहीतच असावा लागतो. तेव्हा व्याख्या द्यावी की नाही, हे त्या शब्दाच्या पोटात काय दडलंय त्यावर ठरतं.

चौथाईसाठी दुसरी वाट: ‘दख्खनच्या 6 सुभ्यांच्या महसुलातून सरदेशमुखीखेरीज जो हक्क वसूल करण्याची सनद 1719 मध्ये मराठ्यांना मिळाली, त्या हक्काचे नाव ____.’ ‘6 सुभे’ म्हटल्यावर स्वराज्य बाद होतं, कारण ती सनद शिवकालीन मुलखाची होती. सरदेशमुखीचं नाव दिलंच आहे. ‘हक्क’ आणि ‘सनद’ या शब्दांमुळे खंडणीही टिकत नाही. उत्तराशी जुळणारं क्रियापद टाळून ‘नाव’ शब्दावर वाक्य संपवलं, कारण ‘मिळाली’ किंवा ‘मिळाले’ आलं की उत्तराचं लिंग फुटतं. मराठीत प्रश्न फुटण्याची ही सगळ्यात मोठी फट, आणि तिच्याकडेच आपलं लक्ष जात नाही.

रेघ प्रत्येक प्रश्नात सारख्याच लांबीची ठेवा. शब्द मोठा म्हणून रेघ मोठी झाली, तर पोरं रेघच वाचतात. आणि त्याच पत्रिकेतल्या जोड्या लावामध्ये ‘चौथाई’ बसली नाही ना, ते बघा.

प्रश्न तयार झाला की दोघांना द्या. विषय जाणणाऱ्याला सांगा, बसतील तेवढी उत्तरं लिही. दुसरं काही बसलं तर वाक्य सैल आहे. विषय न जाणणाऱ्याला नुसता अंदाज करू द्या. तो बरोबर आला तर कुठंतरी सुगावा राहिलाय. वरच्या प्रश्नाला जाणकार ‘चौथ’ असंही लिहील. ते चूक नाही, हक्क तोच आहे. म्हणून उत्तरसूचीत ‘चौथाई किंवा चौथ’ असं आधीच लिहून ठेवायचं, पेपर तपासायला घेतल्यावर नाही.