भडगावचा भ आणि अक्षरांची रुंदी
(जळगाव येथील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

पाट्या आणि फलक रंगवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षे गेली. या काळात मला सर्वांत जास्त वेळा ऐकावे लागलेले वाक्य म्हणजे, ‘मावत नसेल तर अक्षर थोडे दाबा.’ अक्षर दाबणे म्हणजे त्याची उंची तशीच ठेवून रुंदी कमी करणे. हे कोठे चालते आणि कोठे चालत नाही, याचे उत्तर अक्षरात जितके आहे तितकेच वाचणारा कोठे उभा आहे यात आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. ते आज आपल्यापुढे मांडतो. रुंद अक्षरांविषयीही बोलण्याचे मी कबूल केले आहे, पण आधी एका पाटीची हकिकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

पाचोरा, भडगाव, चाळीसगाव या मार्गावर चालणाऱ्या एका खासगी प्रवासी गाडीच्या मालकांनी समोरच्या काचेखाली लावायची पाटी मला सांगितली होती. पाटी साधारण ९०० मिलिमीटर लांब आणि २२५ मिलिमीटर उंच होती. कडा सोडल्या तर लिहायला ८५० मिलिमीटर उरत. तिन्ही गावांची नावे एकाच ओळीत हवीत, असा मालकांचा आग्रह होता. आम्ही पेंटर मंडळी शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतच्या अंतराला एक माप धरतो. वरच्या मात्रा-वेलांट्या आणि खालचे उकार त्यात येत नाहीत. नेहमीच्या रुंदीच्या अक्षरांत ‘पाचोरा – भडगाव – चाळीसगाव’ ही ओळ मधल्या जागांसह सुमारे चौदा मापे लांब होते. म्हणजे ८५० मिलिमीटरमध्ये अक्षराची उंची जेमतेम ६० मिलिमीटर मिळते. मी तसा कच्चा आराखडा काढून दाखवला. मालकांना अक्षर १०० मिलिमीटर उंच हवे होते. ते उठले आणि एका छपाईच्या दुकानात गेले. तेथे संगणकावर अक्षर १०० मिलिमीटर करून त्याची रुंदी साठ टक्क्यांवर आणली गेली. चौदा गुणिले शंभर गुणिले साठ टक्के म्हणजे ८४० मिलिमीटर. पाटी अगदी बेतास बेत बसली आणि गाडीला लागली.

पुढे एकदा मी पाचोऱ्याला त्याच गाडीची वाट पाहत उभा होतो. शेजारी एक आजी आणि त्यांचा चौथी-पाचवीतला नातू होता. गाडी वळून आत आली तेव्हा आम्ही तिघेही तिच्या तोंडासमोर नव्हतो, बरेच बाजूला होतो. आजींनी विचारले, ‘हाई गाडी भडगावले जास का रे?’ मुलाने पाटीकडे पाहून मधले नाव मोठ्याने वाचले, ‘मडगाव.’ आजी उठता उठता परत खाली बसल्या. मी पुढे होऊन सांगितले म्हणून त्यांना गाडी मिळाली. मुलाला वाचता येत नव्हते असे नाही. त्याच्यापर्यंत जे अक्षर पोहोचले ते खरोखरच म होते. ते मला आजही बोचते. अक्षर चुकवले होते पाटीने, आणि बावरले ते पोर.

आता हा भ जवळून पाहू. भ आणि म यांच्यात फरक किती? म च्या डोक्यावर शिरोरेषा सलग जाते. भ च्या डाव्या बाजूला ती तुटते, तेथे थोडी मोकळी जागा राहते आणि डावी रेघ वर वळून गाठ घेते. ध आणि घ, थ आणि य यांच्यातही हाच मामला आहे. शिरोरेषेतला हा खंड बुजला की धुळ्याचे ‘घुळे’ होते. म्हणजे देवनागरीच्या तीन जोड्यांची ओळख बोटभर मोकळ्या जागेवर टांगलेली आहे आणि ही जागा आडवी आहे. अक्षर आडवे दाबले की पहिला घाव तिच्यावरच बसतो.

त्या पाटीचाच हिशेब मांडू. मी वापरतो त्या वळणात रेघेची जाडी मापाच्या आठव्या हिश्शाइतकी असते आणि भ चा खंड मापाच्या पंधरा टक्के असतो. १०० मिलिमीटरच्या अक्षरात शिरोरेषा साडेबारा मिलिमीटर जाड आणि खंड १५ मिलिमीटर होतो. संगणकावर रुंदी साठ टक्के केली की खंड ९ मिलिमीटरवर येतो, उभा दंड साडेसात मिलिमीटर होतो, पण शिरोरेषा आडवी असल्यामुळे तिची जाडी साडेबाराच राहते. खंड आता शेजारच्या रेघेच्या जाडीपेक्षाही लहान झाला. अशी फट डोळ्याला फट वाटत नाही, रंगाचा ओघळ किंवा खरचटा वाटतो. उलट मी काढलेल्या ६० मिलिमीटरच्या साध्या अक्षरात खंड तेवढाच, ९ मिलिमीटर होता, पण शिरोरेषा साडेसात मिलिमीटर होती. म्हणून तेथे फट फटच राहत होती. उंची चाळीस मिलिमीटरने वाढवूनही भ ची ओळख पटवणारी जागा तसूभरही वाढली नव्हती. वाढला होता तो फक्त तिला झाकणारा काळा भाग.

हे झाले पाटीसमोर उभे राहून. स्थानकावर पाटीसमोर उभा राहतो कोण? प्रवासी फलाटावर, गाडीच्या एका बाजूला असतो. पाटीच्या सरळ समोरच्या रेषेपासून साठ अंश बाजूला उभे राहिले की आडवी लांबी डोळ्याला निम्मी दिसते, उंचीत मात्र काही फरक पडत नाही. आधीच साठ टक्के केलेले अक्षर अशा वेळी तीस टक्क्यांचे होते आणि ९ मिलिमीटरचा खंड साडेचार मिलिमीटरचा भासतो. निरोगी डोळ्याला दहा मीटरवरून साधारण तीन मिलिमीटरची फट जेमतेम ओळखू येते. त्या मापाने साडेचार मिलिमीटरची फट पंधरा मीटरवर संपते. आजी आणि नातू साधारण तेवढ्याच अंतरावर होते. रात्री उजळ अक्षरे काळ्या पाटीवर असली तर उजेड कडेबाहेर पसरतो आणि हे अंतर आणखी कमी होते.

मग त्या पाटीचे काय करायला हवे होते? तिन्ही नावांना सारखा मान देण्याचा हट्ट सोडायला हवा होता. ‘चाळीसगाव’ एकटे घेतले तर ते सुमारे पाच मापे लांब भरते. म्हणजे १०० मिलिमीटर उंचीचे, न दाबलेले अक्षर ५०० मिलिमीटरमध्ये बसते आणि वेलांटीला वर जागाही राहते. उरलेल्या ३५० मिलिमीटरमध्ये ‘पाचोरा’ आणि ‘भडगाव’ ही नावे एकाखाली एक, ५० मिलिमीटर उंचीने लिहिता येतात. ती लहान आहेत, पण त्यांची शिरोरेषाही सव्वासहा मिलिमीटर म्हणजे बारीक आहे आणि खंड साडेसात मिलिमीटर आहे. फट रेघेपेक्षा मोठी राहिली. शेवटचे गाव लांबून वाचून माणूस गाडीकडे येतो आणि वाटेतली गावे जवळ आल्यावर वाचतो. परतीच्या फेरीसाठी फळीची दुसरी बाजू असतेच.

अक्षर दाबावेच लागले तर ते हाताने नव्याने काढावे, यंत्राने चेपू नये. नव्याने काढताना दंडाबरोबर शिरोरेषाही बारीक करता येते, भ चा खंड मुळाइतका ठेवून रुंदी शेजारच्या ग आणि व च्या पोटातून काढता येते. तसे करूनही मी मूळ रुंदीच्या ऐंशी टक्क्यांखाली गेलो नाही. रोमन लिपीत अरुंद अक्षरे मोकळी करायला दोन अक्षरांत अंतर वाढवतात. आपल्याकडे तसे केले तर शिरोरेषा जागोजाग तुटते आणि जो खंड भ ची खूण आहे तोच सगळीकडे दिसू लागतो. शिवाय रोमनमध्येही अरुंदपणाला सीमा आहेच. अमेरिकेच्या महामार्गावरील पाट्यांसाठी अरुंदापासून रुंदापर्यंत ए ते एफ अशा मालिकांची अक्षरे होती. त्यांतली सर्वांत अरुंद मालिका वेगात वाचता येत नाही म्हणून पुढे काढून टाकण्यात आली.

व्यवस्थापकांची चिठ्ठी आली आहे, म्हणून उरलेले दोन मुद्दे घाईने सांगतो.

पहिला मुद्दा उभ्या फलकाचा. श्रावणात कानबाईच्या उत्सवाला इमारतीवरून लांब कापडी फलक सोडतात. समजा फलक तीन फूट रुंद आहे, नाव जमिनीपासून पंचवीस फुटांवर आहे आणि वाचणारा भिंतीपासून वीस फुटांवर उभा आहे. त्याचे डोळे पाच फुटांवर धरले तर नाव डोळ्यांच्या वीस फूट वर येते आणि नजर पंचेचाळीस अंशांनी वर जाते. येथे आक्रसते ती उंची, ती सुमारे सत्तर टक्के दिसते, आणि रुंदी जशीच्या तशी राहते. साधे अक्षर खालून बसके दिसेल. सत्तर टक्के रुंदीचे, म्हणजे तेवढ्याच जागेत उंच केलेले अक्षर मात्र खालून नेहमीच्या बांध्याचे दिसते. चेपण्याने जाड राहिलेली शिरोरेषाही खालून पाहताना बारीक होते. बसच्या पाटीवर जो दोष भ ला बुजवतो, तोच येथे नजरेच्या कोनाने भरून निघतो. रस्त्यावर डांबरावर लिहिलेले ‘हळू’ फार लांबट काढतात, त्याचेही कारण हेच. मात्र तोच फलक गल्लीच्या टोकावरून वाचायचा असेल तर नजर फारशी वर जात नाही आणि अक्षरे सुतळीसारखी दिसतात. म्हणून फलक कोठून वाचला जाणार ते आधी विचारावे.

दुसरा मुद्दा रुंद अक्षरांचा. बाजारपेठेत दुकानांच्या पाट्या रस्त्याला समांतर असतात आणि चालणारा माणूस त्या नेहमी तिरक्या पाहतो. पाटी बुटकी आणि लांब असेल, नाव लहान असेल, तर तीस टक्क्यांनी रुंद केलेले अक्षर अशा नजरेला आधार देते, कारण भ चा खंड आणि ग व च्या पोटातली जागा तेवढीच वाढते. पण तेही यंत्राने ताणले तर उलटी गफलत होते. दंड जाडजूड होतात, शिरोरेषा बारीक राहते आणि भ ची गाठ आडवी पसरून दंडाकडे सरकते. नाव लांब असेल तर रुंदीच्या हौसेपायी उंची कमी करावी लागते. तेथे साधेच अक्षर बरे.

पाटी रंगवण्यापूर्वी मी नाव कागदावर पूर्ण मापात काढून भिंतीला लावतो, पंधरा मीटर मागे जातो आणि तेथून इतका बाजूला सरकतो की कागदाची रुंदी निम्मी दिसावी. मग ज्याला ते नाव आधी सांगितलेले नाही, अशा एखाद्या माणसाला तेथे उभे करून मोठ्याने वाचायला लावतो.