139 रुग्ण पुरतील का?

नमस्कार. समजा, तुम्ही थिसिसचा प्रोटोकॉल लिहिताय. विषय आहे क्षयरोगाची एक नवी थुंकीची चाचणी. ती कल्चरशी ताडून बघायची आहे. सेन्सिटिव्हिटी 90 टक्के निघेल असा अंदाज आहे, आणि उत्तर पाच टक्के इकडेतिकडे झालं तरी चालेल. मग सूत्र येतं:

```
n = 1.96² × 0.90 × 0.10 / 0.05² = 138.3
```

म्हणजे 139. आणि प्रोटोकॉलमध्ये लिहिलं जातं, "139 रुग्ण घेऊ." चूक होते ती इथेच.

हे 139 कोण? ज्यांना खरोखर क्षयरोग आहे, ते. सेन्सिटिव्हिटी फक्त आजारी माणसांतच मोजली जाते. तुमच्या ओपीडीत दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेली माणसं येतात, आणि त्यांतल्या समजा दहा टक्के लोकांचं कल्चर पॉझिटिव्ह येतं. मग 139 जणांत क्षयाचे निघणार जेमतेम 14. त्यांतले 13 चाचणीने पकडले, तर तुम्ही आनंदाने 93 टक्के लिहाल. पण त्याचा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल काढून बघा: साधारण 66 ते 99.8. तीनातला एक रुग्ण सोडणारी चाचणी आणि जवळपास एकही न सोडणारी चाचणी, दोन्ही त्यात बसतात!

म्हणून 139 ला प्रिव्हॅलन्सने भागायचं. 139 भागिले 0.10, म्हणजे 1390 खोकलेकरी.

स्पेसिफिसिटीचं गणित वेगळं करायचं, कारण ती आजार नसलेल्यांत मोजतात. अंदाज 95 टक्के, फरक तोच पाच टक्के, तर 73 जण लागतात. त्यांना 0.90 ने भागा, 82 येतात. दोन्हींत मोठा आकडा घ्यायचा, म्हणजे 1390.

पण मला 1390 सुद्धा अपुरे वाटतात. दहा टक्के ही सरासरी आहे. प्रत्यक्षात क्षयाचे रुग्ण कधी 130 निघतील, कधी 150. म्हणजे 139 गाठायची शक्यता निम्म्याच्या आसपास. दहापैकी नऊ वेळा गाठायचे असतील तर सुमारे 1550 घ्यावे लागतात. कल्चर दूषित होऊन काही नमुने बाद होतात, ते आणखी वेगळे. त्यापेक्षा प्रोटोकॉलमध्येच लिहा की ओळीने येणारे सगळे संशयित घेऊ आणि कल्चर पॉझिटिव्ह 139 झाले की थांबू.

"मग वॉर्डातले 139 पक्के रुग्ण आणि 73 धडधाकट विद्यार्थी घेतले तर?" संख्या जुळेल, पण वॉर्डातल्या रुग्णांच्या थुंकीत जंतू भरपूर असतात. ते कुठलीही चाचणी पकडते. ओपीडीत येतो तो नुकताच खोकू लागलेला, थुंकीत थोडेच जंतू असलेला माणूस. विद्यार्थ्यांना तर दमा नाही, जुना ब्रॉन्कायटिस नाही, पूर्वी होऊन गेलेला क्षय नाही. दोन्ही आकडे फुगतात, आणि अशा वेळी नमुना कितीही वाढवला तरी ती सूज उतरत नाही.