बिडाचा तवा आणि प्रश्नांखालची रिकामी जागा

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर तव्याचे विक्रीपान. बोट छायाचित्रे ओलांडून खाली सरकते आणि प्रश्नोत्तरांपाशी थांबते.]

निवेदन:

30 सेंटिमीटर व्यासाचा बिडाचा डोसा तवा विकणाऱ्या एका पानाची कल्पना करू. छायाचित्रे चांगली आहेत, किंमत वाजवी आहे, आणि तरीही पाहणारा ग्राहक खाली येऊन विचारतो, "हा तवा इंडक्शनवर चालेल का?" अनेक ऑनलाइन बाजारपेठांत असा प्रश्न विक्रेत्याबरोबरच ती वस्तू आधी घेतलेल्या ग्राहकांपर्यंतही पोहोचतो. विक्रेता गप्प राहिला, तर उत्तरे इतरांकडून येतात. एक जण "हो" म्हणतो, दुसरा "चालतो, पण नीट नाही" असे सांगतो आणि तिसरा प्रामाणिकपणे कळवतो, "माहीत नाही, बहिणीला भेट दिला." ही तीन उत्तरे वाचणारा नवा ग्राहक बहुधा दुसऱ्या विक्रेत्याचे पान उघडतो.

[दृश्य: इंडक्शन शेगडीवर तवा, तव्याच्या मध्यभागी खरपूस आणि कडेला पांढुरका राहिलेला डोसा.]

वास्तविक "हो" हे उत्तर खोटे नाही. बीड चुंबकाला चिकटते, त्यामुळे ते इंडक्शनवर तापते. अडचण मापाची आहे. अनेक घरगुती शेगड्यांच्या काचेखालील वेटोळे या तव्यापेक्षा बरेच लहान असते; उष्णता निर्माण होते ती त्याच्या वर असलेल्या भागात, आणि बीड ती कडेपर्यंत सावकाशच पोहोचवते. परिणामी डोसा मध्ये करपतो आणि कडेला कच्चा राहतो. एका शब्दाच्या उत्तरावर विसंबून घेतलेला तवा मग परत येतो, आणि दोन-अडीच किलोंच्या वस्तूची परतीची वाहतूक काही स्वस्त नसते.

म्हणून विक्रेत्याने आधी प्रश्नामागचा प्रश्न ओळखावा लागतो. ग्राहकाला चुंबकत्वाचा खुलासा नको असतो. त्याच्या घरच्या शेगडीवर डोसा नीट भाजला जाईल का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. उपयोगी उत्तर साधारण असे लिहिता येईल:

"30 सेंटिमीटरचा हा तवा इंडक्शनवर तापतो. मात्र आपल्या शेगडीवरील गोल खूण 20 सेंटिमीटर किंवा त्याहून लहान असेल, तर तव्याची कड कमी तापेल. आपण केवळ इंडक्शनच वापरत असाल, तर आमचा 25 सेंटिमीटरचा तवा अधिक सोयीचा ठरेल. तवा प्रथम मंद आचेवर तापवावा आणि काचेवर न ओढता उचलून ठेवावा."

[दृश्य: शेगडीवरील गोल खुणेवर धरलेली मोजपट्टी.]

या उत्तरात ग्राहकाला स्वतः पडताळून पाहता येईल असे माप आहे, आणि एका मालाला दिलेला नकार दुसऱ्या मालाकडे नेतो. तव्याचे माप उत्तरातच लिहिण्यामागेही कारण आहे. एकाच पानावर निरनिराळ्या मापांचे तवे असतील, तर त्यांची प्रश्नोत्तरे एकत्र दिसू शकतात. "हो, बसेल" एवढेच लिहिले, तर 25 सेंटिमीटरसाठी दिलेले उत्तर 30 सेंटिमीटरचा ग्राहक आपलेच समजतो. किंमत किंवा पोहोचण्याची तारीख मात्र येथे लिहू नये. ती पानावर बदलत राहते आणि जुने उत्तर तसेच राहते. फोन क्रमांक देण्याचा मोहही आवरावा, कारण बाजारपेठा असे उत्तर सहसा काढून टाकतात.

दुसरा नेहमीचा प्रश्न तक्रारीच्या सुरात येतो: "तव्यावर तांबूस डाग आहेत, जुना माल पाठवता का?" येथे बचाव करण्याचा मोह होतो. त्याऐवजी, बिडाला दमटपणाने गंज चढतो, हलका गंज घासून, तवा पूर्ण कोरडा करून व तेलाचा पातळ थर देऊन तापवल्यास निघतो, परंतु तडा असल्यास तवा बदलून दिला जाईल, असे लिहावे. हे उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा अजून न घेतलेले ग्राहकच अधिक वाचतात. तडा ओळखण्याची रीतही सांगता येते: तवा कडेने टांगून हलके ठोकल्यास अखंड बीड खणखणते आणि तडकलेले बद्द वाजते.

[दृश्य: पानावरील नवे छायाचित्र, तव्याच्या तळाचे माप स्पष्ट दिसते.]

तोच प्रश्न पुन्हा येऊ लागला, की दोष पानाचा समजावा आणि तळाचे माप छायाचित्रांतच दाखवावे. उत्तरांमुळे किती ऑर्डर वाढल्या, हे ठामपणे सांगणे अवघड असते, कारण त्याच आठवड्यात सण किंवा जाहिरातही असू शकते. परताव्याच्या कारणांची यादी मात्र अधिक स्पष्ट बोलते. "इंडक्शनवर नीट तापत नाही" हे कारण तिथे विरळ होऊ लागले आणि 25 सेंटिमीटरच्या तव्याच्या ऑर्डर येऊ लागल्या, तर उत्तर योग्य माणसांपर्यंत पोहोचते आहे असे मानण्यास हरकत नाही.