निरोपाच्या भाषणातील तीन विशेषणे

अध्यक्ष महाशय आणि श्रोतेहो, भाषणलेखनाविषयी सूत्रे सांगण्यापेक्षा एकच मसुदा आपल्यासमोर उलगडावा, असे मी ठरवले आहे. बेळगाव डेपोतील एक कंडक्टर या महिनाअखेरीस वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या सहकाऱ्याने निरोप समारंभासाठी लिहिलेले दीड पानाचे भाषण माझ्याकडे तपासायला आले. त्यात ‘प्रामाणिक’ सहा वेळा, ‘निष्ठावान’ पाच वेळा आणि ‘समर्पित’ चार वेळा आले आहे. ‘अत्यंत प्रामाणिक, निष्ठावान आणि समर्पित वृत्तीने सेवा बजावणारे आमचे ज्येष्ठ सहकारी’ हे पहिलेच वाक्य कारकुनाच्या किंवा शिपायाच्या निरोपालाही तसेच्या तसे चालेल.

यांतील ‘प्रामाणिक’ हा शब्द कंडक्टरच्या बाबतीत विशेष जपून वापरायला हवा. या नोकरीत प्रामाणिकपणा रोज पैशांत मोजला जातो. लाइन चेकिंगवाले गाडीत चढले की आधी प्रवासी आणि तिकिटे ताडून पाहतात, मग बॅगेतील रोकड मशीनच्या हिशेबाशी जुळवतात. रोकड कमी भरली तर जाब द्यावा लागतो आणि जास्त भरली तर संशय अधिकच गडद होतो, कारण पैसे घेऊन तिकीट दिले नाही असा त्याचा अर्थ निघतो. म्हणूनच खासगी पैसे किती जवळ आहेत, हे कंडक्टरला ड्युटीच्या सुरुवातीलाच वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, नोंदवावे लागते. अशा सभागृहात, जिथे निम्मे श्रोते स्वतः कंडक्टर आहेत, एकाच माणसाला सहा वेळा प्रामाणिक म्हटले की उरलेल्यांना आपल्याकडे बोट दाखवल्यासारखे वाटते. आणि जो गुण इतक्या आग्रहाने सांगावा लागतो त्याविषयी ऐकणाऱ्याच्या मनात उगाच शंका येते, ती वेगळीच.

मी त्या सहकाऱ्यास विचारले, ‘हे तुम्ही कशावरून म्हणता?’ थोडे आठवून त्यांनी जो प्रसंग सांगितला, त्याचा मसुद्यात मागमूसही नव्हता.

11 जून 2023 पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजना सुरू झाली. राज्यातील रहिवासी महिलांना साध्या बसमधून मोफत प्रवास मिळतो. मात्र ओळखपत्र पाहून प्रत्येकीला शून्य रुपयांचे तिकीट द्यावेच लागते. एकदा या कंडक्टरांच्या खानापूरच्या गाडीत चंदगडकडील एक वृद्धा बसली. तिचे आधार कार्ड महाराष्ट्राचे. आजूबाजूच्या सगळ्या बायका फुकट चालल्या आहेत आणि आपल्याकडेच पैसे मागितले जात आहेत, हे तिला पटेना. ‘आमच्या एसटीत म्हाताऱ्यांना तिकीट नाही, मग इथेच का?’ असे ती म्हणू लागली. तिच्या दृष्टीने बोलणे बरोबरच होते, कारण महाराष्ट्रात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. सीमेवरच्या कंडक्टरला असे दोन राज्यांचे नियम एकाच सीटवर भेटतात.

मशीनवर शून्याचे तिकीट काढून देणे सर्वांत सोपे होते. वाद मिटला असता आणि गाडीतील कोणाचीही तक्रार नसती. पण ते तिकीट शासनाच्या हिशेबात खोटे ठरले असते. त्यांनी पूर्ण भाड्याचे तिकीट काढले, ‘आजी, हे घ्या’ म्हणून तिच्या हातात दिले आणि पैसे आपल्या नोंदवलेल्या खासगी रकमेतून भरले. पुढे चेकिंग झाले असते, तर ती रक्कम वेबिलाशी जुळली नसती आणि खुलासा त्यांनाच करावा लागला असता.

हा प्रसंग आल्यावर सहाही ‘प्रामाणिक’ आपोआप गळून पडले. ‘समर्पित’च्या जागी आम्ही कणकुंबीच्या वस्तीच्या गाडीचा उल्लेख केला: पावसाळ्यात रोकडीची बॅग उशाशी घेऊन गाडीतच झोपणे आणि पहाटे तीच गाडी वेळेवर काढणे. एवढे वाक्य पुरे होते. तिथे आणखी रंग भरण्याचे कारण नव्हते. ‘निष्ठावान’ तर मी सरळ काढून टाकला, कारण निष्ठा महामंडळाशी, संघटनेशी की प्रवाशांशी, हे लेखकालाच सांगता येईना.

एक प्रसंग मात्र मी आग्रहाने वगळायला लावला. एका विद्यार्थ्याला पास नसताना त्यांनी तसेच नेले होते, असे मसुद्यात कौतुकाने लिहिले होते. हेतू चांगला असला, तरी विनातिकीट प्रवासी नेणे हा कंडक्टरचा दोष ठरतो. समोर डेपो मॅनेजर बसलेले असताना आणि निवृत्तीचे देणे अजून हाती पडायचे असताना तो दोष त्यांच्या सत्कारात जाहीर करू नये.

आता भाषण एका पानावर आले आहे. पहिले वाक्य असे आहे: ‘खानापूरच्या गाडीत चंदगडच्या एका आजीचे तिकीट यांनी काढले, तेव्हा मी मागच्या सीटवर होतो.’