नऊ वर्षांच्या मुलीचे वर्गाचे खाते

पालकहो, चौथीतल्या एका मुलीचे ऑनलाइन वर्गाचे खाते उघडायचे आहे आणि घरात एक जुना अँड्रॉइड टॅब आहे, असे आपण धरून चालू. बहुतेक घरांत अशा वेळी आईच्या किंवा बाबांच्या गुगल खात्यावरच वर्ग सुरू केला जातो. मग टॅबवर आईचे मेल आणि फोटो मुलीच्या बोटाखाली येतात आणि वर्गाच्या यादीत आईचे पूर्ण नाव छायाचित्रासह झळकते.

त्याऐवजी गुगलच्या Family Link या पालकांसाठीच्या ॲपमधून मुलीच्या नावाचे, पालकांच्या देखरेखीखालचे खाते तयार करावे. जन्मतारीख मात्र खरीच द्यावी. स्वतःचे खाते स्वतः चालवण्यासाठी असलेली तेरा वर्षांची अट अडचणीची वाटते म्हणून अनेक जण वय वाढवून टाकतात. तसे केल्यास गुगलच्या लेखी ती मोठी मुलगी ठरते, आणि लहान मुलांच्या खात्याला आपोआप मिळणारे संरक्षण तिला मिळत नाही. शाळेने स्वतंत्र खाते दिले असेल, तर ते याच टॅबवर दुसरे खाते म्हणून जोडता येते, परंतु त्या खात्यातून उघडलेल्या गोष्टींवर शाळेचे नियम चालतात, घरचे नाही. तिथे काय उघडे आहे आणि काय बंद, हे वर्गशिक्षकांना विचारून घ्यावे.

आता कॅमेऱ्याकडे वळू, कारण चूक बहुधा इथेच होते. झूममध्ये व्हिडिओ बंद ठेवून वर्गात शिरण्याची सोय आहे. ती अवश्य वापरावी, पण तेवढ्यावर विसंबू नये. शिक्षकांनी पाठवलेला दुवा व्हॉट्सॲपवरून दाबला आणि वर्ग ॲपऐवजी क्रोममध्ये उघडला, की झूम ॲपमधली ती सोय लागू होत नाही. म्हणून टॅबच्या Settings मध्ये ॲपच्या परवानग्यांत जाऊन झूम आणि क्रोम या दोहोंसाठी Camera पुढे Don't allow निवडावे. मायक्रोफोन चालू राहू द्यावा. Ask every time हा पर्याय मला लहान मुलांसाठी पुरेसा वाटत नाही, कारण समोर आलेल्या चौकटीतले होकाराचे बटण मुले न वाचताच दाबतात.

वर्गाच्या आदल्या दिवशी zoom.us/test वर मुलीला शेजारी बसवून चाचणी घ्यावी, आणि ती ॲपमधून एकदा व क्रोममधून एकदा अशी दोनदा घ्यावी. अँड्रॉइड 12 किंवा त्यापुढची आवृत्ती असेल, तर कॅमेरा किंवा माइक चालू होताच पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात हिरवे चिन्ह उमटते. ते खाली ओढून दाबले की दोहोंपैकी काय चालू आहे आणि कोणते ॲप ते वापरते आहे, हे कळते. मुलीलाही हे चिन्ह दाखवून ठेवावे. तोंडी परीक्षेसाठी चेहरा दिसणे आवश्यक असेल, तेव्हा परवानगी पालकांनी स्वतः द्यावी, टॅब मोकळ्या भिंतीला पाठ करून बसलेल्या मुलीसमोर ठेवावा, आणि तास संपताच तिच्यादेखत ती परवानगी पुन्हा काढून घ्यावी.