इमारत कुठल्या बिंदूभोवती पिळते?

(फोंड्यात तरुण अभियंते आणि बांधकाम करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बेतीच्या धक्क्याला नाकाकडून बांधलेली होडी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. पाण्याचा जोर आला की नाक जागच्या जागी राहतं आणि शेपटाकडची बाजू लांबवर फिरते. आज मी ज्या इमारतीबद्दल बोलणार आहे, ती अशीच एका टोकाला बांधलेली आहे.

नकाशा साधा घेऊ. २४ मीटर लांब, १२ मीटर रुंद, खाली पार्किंग. लिफ्ट डाव्या टोकाला, कारण रस्ता तिकडे. उजवं टोक बाल्कन्यांसाठी मोकळं. रुंदीच्या दिशेनं तीन शिअर वॉल, म्हणजे आडवा जोर पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती आहेत. लिफ्टच्या दोन बाजूंच्या ४-४ मीटर लांबीच्या दोन भिंती, डाव्या कडेपासून २ आणि ५ मीटरवर. तिसरी अगदी उजव्या कडेला, २ मीटरची. जाडी आणि उंची सारखीच.

इथे बहुतेकांची पहिली चूक होते. ४, ४ आणि २ अशा लांब्या पाहून ते ताठरताही त्याच प्रमाणात वाटून टाकतात. पण उंच भिंत मुख्यतः वाकते, आणि वाकण्याला तिचा विरोध लांबीच्या घनाप्रमाणे वाढतो. लांबी दुप्पट, तर ताठरता आठपट. म्हणजे प्रमाण २:२:१ नसून ८:८:१ आहे. आता प्रत्येक भिंतीची ताठरता गुणिले कडेपासूनचं अंतर, यांची बेरीज करून एकूण ताठरतेनं भागा. १६, ४० आणि २४ मिळून ८०, भागिले १७, म्हणजे ४.७ मीटर. हे ताठरताकेंद्र, आपण ज्याला सेंटर ऑफ रिजिडिटी म्हणतो. वजन सारखं पसरलेलं धरलं तर वस्तुमानकेंद्र १२ मीटरवर येतं. भूकंपाचा जोर वस्तुमानकेंद्रात लागतो, विरोध ताठरताकेंद्रात उभा राहतो, आणि मधल्या ७.३ मीटरच्या अंतरामुळे इमारत पिळते. हीच एक्सेंट्रिसिटी.

भूकंपासाठीचं आपलं मानक आयएस १८९३, त्याची २०१६ ची आवृत्ती हे अंतर दीडपट करायला सांगते, वर लांबीचे ५ टक्के अधिक. वजन कागदावर दाखवलंय तसं प्रत्यक्षात कधीच पसरत नाही, म्हणून ते ५ टक्के. आपले झाले साधारण १२.१ मीटर. एकूण आडवा जोर १००० किलोन्यूटन धरा आणि तो वाटून बघा. लांबीच्या दिशेच्या भिंतींचा आणि फ्रेमचा पिळाला होणारा विरोध मी हिशेब सोपा राहावा म्हणून सोडला आहे. तो धरला तर आकडे उतरतील, चित्र तेच राहील.

उजवीकडच्या छोट्या भिंतीच्या वाट्याला सरळ जोराचे १७ पैकी १, म्हणजे ५९ किलोन्यूटन येतात. पिळामुळे त्यात ५४० च्या वर भर पडते. ज्या भिंतीला आपण ६ टक्के मोजली होती, तिला ६०० किलोन्यूटन! हा आकडा मी पहिल्यांदा स्वतः काढला तेव्हा पुन्हा तीनदा तपासला होता. आणि सर्वांत डावीकडची भिंत? तिच्यावर जोर उलट्या दिशेनं येतो.

हे नुसतं कागदावरचं नाही. २३ डिसेंबर १९७२ च्या, निकाराग्वातल्या मानाग्वाच्या भूकंपात बांको सेंट्रलची १५ मजली इमारत, जिचे ताठर भाग एका टोकाला होते, पिळून फार नुकसान पावली. जवळचीच, सममित गाभ्याची बांको दे अमेरिका १८ मजली असूनही तगली.

उपाय काय? उजवीकडची २ मीटरची भिंत ४ मीटरची करा. ताठरता ८:८:८ झाली, केंद्र १०.३ मीटरवर आलं, अंतर १.७ मीटर उरलं. गाडीची जागा ५ मीटर खोल असते, तेव्हा ही भिंत शेवटच्या गाडीला समांतर बसते आणि पार्किंग जात नाही. बाल्कनीबद्दल मात्र आर्किटेक्टशी बसून बोलावं लागतं, आणि ते नकाशा मंजुरीला जाण्याआधी.

सॉफ्टवेअरमध्ये हे कळतं कसं? मोड शेप, म्हणजे इमारत आपणहून कशी डोलते त्याच्या आकृत्या, हलवून बघा. पहिलाच मोड पिळाचा निघाला, तर तिथेच थांबा. मग मजल्याच्या दोन टोकांची आडवी सरक बघा. जास्तीची सरक कमीच्या दीडपटीहून अधिक असेल, तर मानक त्या इमारतीला पिळाच्या दृष्टीनं अनियमित ठरवतं. हा सगळा हिशेब स्लॅब एकसंध, न वाकणारा धरून आहे. जिन्यासाठी आणि डक्टसाठी मोठी भोकं कापली, की ते गृहीतक ढिलं पडतं.

आणि आपल्याकडची खास गोष्ट. पुढे दुकानांची शटरं, मागे हद्दीवर चिऱ्याची भरीव भिंत. मॉडेलमध्ये ती चिऱ्याची भिंत बहुतेक जण फक्त वजन म्हणून टाकतात. खांबांना घट्ट भिडलेली ती भिंत सुरुवातीच्या धक्क्यांना ताठरपणे विरोध करते आणि केंद्र मागे ओढते. तुमच्या फायलीत एक्सेंट्रिसिटी शून्य असेल, साइटवर नसेल. म्हणून एक मॉडेल चिऱ्यांची ताठरता धरून, दुसरं न धरता, असे दोन्ही चालवा, आणि पुढच्या रांगेतल्या खांबांना दोन्हींतला मोठा आकडा द्या.